चालू सिंकला धक्का न लावता खिंडार भरताना

डेटाची ने-आण : लेखांक 9

सिंक बंद पडलं की इशारा येतो आणि कोणीतरी धावतं. जास्त घात करतं ते चालू दिसणारं, पण काहीच न आणणारं सिंक. मागच्या लेखात वॉटरमार्क पाहिला होता, म्हणजे ‘इथपर्यंतचा डेटा आणला’ ही सिंकने स्वतःसाठी ठेवलेली वेळेची खूण. आज त्याच खुणेमुळे पडणारं खिंडार आणि ते भरण्याची रीत पाहू.

उदाहरणासाठी अनेक शाखांच्या एका दुकानसाखळीची बिलं घेऊ. दर 15 मिनिटांनी एक जॉब बिलिंग प्रणालीच्या एपीआयकडून नवी आणि बदललेली बिलं मागतो आणि पोस्टग्रेसमध्ये लिहितो. 11 मार्चला एपीआयची आवृत्ती बदलली आणि जॉब पाठवत असलेला एक फिल्टर निरुपयोगी झाला. एपीआयने चूक कळवली नाही, ‘200’ हा यशाचा कोड आणि रिकामी यादी पाठवली. जॉबला वाटलं, नवं काही नाही. त्याने खूण पुढे सरकवली आणि यशाची नोंद केली. जून संपताना हे कोणाच्या तरी लक्षात आलं, फिल्टर दुरुस्त झाला आणि 1 जुलैपासून बिलं पुन्हा येऊ लागली. मधले 112 दिवस रिकामेच राहिले.

अशा वेळी पहिला विचार सुचतो तो खूण 11 मार्चवर मागे नेण्याचा. तो सोडून द्या. दिवसाला 5,000 बिलं धरली तर एकूण 5,60,000 बिलं होतात. एका विनंतीत 100 बिलं मिळतात, म्हणजे 5,600 विनंत्या. एपीआयची मर्यादा मिनिटाला 60 असेल, तर जॉबने दुसरं काहीही न करता हे आणायला दीड तासाच्या वर लागेल, आणि त्याला वेळ दिलेला असतो दहा-बारा मिनिटांचा. तो मध्येच कापला जातो. खूण काम पूर्ण झाल्यावरच सरकते, त्यामुळे पुढची फेरी पुन्हा 11 मार्चपासून सुरू होते. जुना डेटा तर येत नाहीच, आजची बिलंही थांबतात.

म्हणून चालू जॉबला आणि त्याच्या खुणेला हात लावायचा नाही. बॅकफिलसाठी वेगळा जॉब आणि वेगळी नोंदवही करायची. ही नोंदवही म्हणजे एक साधं टेबल: प्रत्येक दिवसाची एक ओळ, तिच्यात त्या दिवसाची स्थिती, स्रोताकडून आलेली बिलं आणि आपल्याकडे लिहिलेली बिलं. जॉब एक बाकी दिवस उचलतो, पूर्ण करतो, खूण करून पुढचा घेतो. कुठेही पडला तरी तोच एक दिवस पुन्हा करावा लागतो. एअरफ्लो वापरणाऱ्यांनी इथे जपावं. दर 15 मिनिटांच्या डॅगलाच 112 दिवसांचं बॅकफिल लावलं तर 10,752 रन तयार होतील. दिवसाचा तुकडा घेणारा वेगळा डॅग लिहिणं कितीतरी स्वस्त पडतं.

बॅकफिलला मिनिटाला 20 विनंत्यांचा वाटा द्या. चालू जॉबला एका फेरीत दोन-चारच विनंत्या लागतात, त्यामुळे उरलेल्या 40 त्याला भरपूर होतात. या गतीने एक दिवस अडीच मिनिटांत आणि सगळं खिंडार 4 तास 40 मिनिटांत भरतं. एका रात्रीचं काम आहे, घाई करून मर्यादा गाठण्यात काही मिळत नाही.

आता खरा अवघड भाग. दोन जॉब एकाच टेबलात लिहिणार आहेत. बॅकफिलने 2 वाजून 10 मिनिटांनी एप्रिलमधलं एक बिल वाचलं. 2:11 ला त्या बिलाचा परतावा नोंदला गेला आणि चालू जॉबने तो लिहिला. 2:12 ला बॅकफिलने हातातली जुनी प्रत लिहिली, आणि परतावा पुसला गेला. कुठेही चूक दिसत नाही, फक्त रक्कम चुकते. यावर उपाय लिहिण्याच्या आज्ञेतच हवा, आणि तो दोन्ही जॉबमध्ये सारखा हवा:

```sql
INSERT INTO bills (bill_id, amount, status, updated_at)
VALUES ($1, $2, $3, $4)
ON CONFLICT (bill_id) DO UPDATE
SET amount = EXCLUDED.amount,
    status = EXCLUDED.status,
    updated_at = EXCLUDED.updated_at
WHERE bills.updated_at < EXCLUDED.updated_at;
```

शेवटची ओळ महत्त्वाची. हातातली प्रत टेबलातल्या प्रतीपेक्षा नवी असेल तरच लिहिली जाते. मग कोण आधी आला याने फरक पडत नाही आणि तोच दिवस कितीही वेळा चालवता येतो.

तुकडे पाडायचे ते `created_at` वर, `updated_at` वर नाही. बिल बदललं की त्याची `updated_at` आजची होते, ते मागच्या तारखेच्या यादीतून निघून जातं, पुढची बिलं एकेक जागा वर सरकतात आणि पानापानाने वाचताना एखादं बिल निसटतं. `created_at` बदलत नाही. पण मग 11 मार्चच्या आधी झालेली आणि खिंडाराच्या काळात बदललेली बिलं राहतात. त्यांच्यासाठी दुसरी, वेगळी फेरी करावी लागते, आणि तिच्यात पानांच्या क्रमांकाऐवजी ‘या बिल क्रमांकाच्या पुढची द्या’ असं मागावं. तुकड्याची सुरुवात धरायची, शेवट सोडायचा. स्रोतातली वेळ यूटीसीमध्ये असेल तर आपला 11 मार्च तिथे 10 मार्चच्या 18:30 ला सुरू होतो. हे विसरलं की प्रत्येक दिवसाची बेरीज थोडी हलते आणि कारण सापडत नाही.

खऱ्या कामाआधी 8 मार्चसारखा धड असलेला एखादा दिवस बॅकफिलमधून वेगळ्या टेबलात चालवा आणि मूळ टेबलाशी ताडून पाहा. खिंडाराच्या काळात बदललेली बिलं सोडून एकही ओळ वेगळी निघता कामा नये. निघाली तर दोन जॉबचे नियम वेगळे आहेत, आधी ते जुळवा. बिल आल्यावर ग्राहकाला एसएमएस पाठवणारा ट्रिगर असेल तर तो बॅकफिलच्या ओळींसाठी बंद हवा, नाहीतर जुलैमध्ये लोकांना मार्चच्या खरेदीचे आभार जातील. खिंडार भरल्यावर रोजच्या बेरजांची टेबलंही पुन्हा मोजावी लागतात, कारण ती सहसा शेवटच्या तीन-चार दिवसांपलीकडे मागे वळून पाहत नाहीत.

तपासणी दिवसागणिक करायची: स्रोतातली बिलांची संख्या आणि रकमेची बेरीज एका बाजूला, आपल्याकडची दुसऱ्या बाजूला. नुसती संख्या पुरत नाही, हरवलेला परतावा संख्येत दिसत नाही. आपल्याकडे जास्त बिलं निघाली, तर ती बहुधा स्रोतात नंतर कायमची काढून टाकलेली असतात. ती एपीआय सांगत नाही, दोन्हीकडच्या क्रमांकांच्या याद्या लावूनच सापडतात.

काही गोष्टी मात्र परत येत नाहीत. बिलं स्रोतात राहतात, पण रोज रात्रीचा शिल्लक साठा अनेक प्रणाली ठेवतच नाहीत, आजचाच आकडा देतात. खरेदी, विक्री, परतावा आणि शाखांमधली हलवाहलव या सगळ्या नोंदी पूर्ण असतील तर तो मागे मोजत नेता येतो. एकही अपुरी असेल तर त्या 112 दिवसांचा साठा `NULL` ठेवा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे माल संपला होता, आणि खरेदी विभाग त्यावरून पुढच्या वर्षीच्या मार्चची मागणी ठरवेल.

पुढच्या आठवड्यात रिकाम्या यादीला यश न मानणारा जॉब कसा लिहायचा ते पाहू. तोवर आपल्या सिंकच्या गेल्या सहा महिन्यांतल्या रोजच्या ओळी एकदा मोजा आणि कामाच्या दिवशी शून्य ओळी आलेल्या तारखा काढून ठेवा.