उंबऱ्याची उंची

मंडळी,

सोमवारपासून माझ्या टेबलाशी तुमच्यापैकी कुणीतरी बसेल. किल्ल्या, फायली, कपाटातले जुने अमोनिया प्रिंट यांची यादी वेगळी दिलीच आहे. त्या यादीत न मावलेली एक गोष्ट इथे लिहितो. हे पत्र मासिकात छापायचं ठरलंय, म्हणून तुम्हाला पाठ असलेलं काहीही जरा फोडून सांगेन. घर बांधायला काढलेल्या कुणाला उपयोग झाला तर बरंच.

गोष्ट गच्चीच्या दाराची आहे. आपल्या ऑफिसने केलेल्या एका बंगल्यात वरच्या मजल्यावरच्या खोलीतून थेट गच्चीवर जायचं दार होतं. गच्ची २४ फूट लांब, १२ फूट रुंद. पावसाच्या पाण्याचा पाइप पार पलीकडच्या टोकाला. पहिला पावसाळा कोरडा गेला. दुसऱ्या वर्षी जुलैत घरमालकीणबाईंचा फोन आला, "खाली हॉलमध्ये पंख्यातून पाणी ठिबकतंय."

पंखा हॉलच्या मधोमध. त्याच्या बरोबर वर गच्चीचा मधला भाग येत होता. आम्ही सरळ तोच फोडला. खाली कोरडंठाक! तिथेच शहाणं व्हायला हवं होतं. स्लॅबच्या पोटात विजेच्या तारांचे पाइप असतात. पाणी एकदा त्यात शिरलं की दहा-बारा फूट प्रवास करून पंख्याच्या डब्यातून बाहेर पडतं. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल, असं धरून चालू नका. दुसऱ्याच्या गच्चीवर हातोडा चालवण्याआधी तर नाहीच.

मग जे आधी करायचं ते नंतर केलं. गच्चीच्या मधोमध विटा आणि चिकणमातीचा बांध घातला, पाइपाला बोळा मारला आणि फक्त पलीकडच्या अर्ध्यात पाणी साठवलं. दोन दिवस वाट पाहिली. पंखा कोरडा. ते पाणी सोडून दाराकडच्या अर्ध्यात भरलं, तर चहा होईपर्यंत हॉलमध्ये ठिबकायला लागलं.

आता पाणी दाराशी शिरलं कसं? मिस्त्रींनी पातळी नळी लावली. ती पारदर्शक नळी तुम्ही पाहिली आहे. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत उभं राहतं, एवढंच तिचं शास्त्र. दारापासून पाइपापर्यंत २४ फुटांत उतार निघाला जेमतेम अर्धा इंच. साध्या हिशेबाने १०० फुटांना १ फूट उतार लागतो, म्हणजे २४ फुटांना जवळजवळ ३ इंच. एवढ्या सपाट गच्चीवर पाणी वाहत नाही, तळं करून बसतं. वारा पश्चिमेचा असला की तेच तळं उंबऱ्याशी येऊन थडकतं आणि फरशीखालच्या भरावात शिरतं.

मी मिस्त्रींवर चिडलो. ते शांतपणे म्हणाले, "साहेब, उंबऱ्याखाली कोबा बसवायचा, तर उतार आणू कुठून?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं, कारण चूक आपल्या ड्रॉइंगमध्ये होती. कोबा म्हणजे विटांचे तुकडे मसाल्यात उतारावर बसवून वर घोटलेला थर. पाइपाच्या तोंडाशी तो निदान ३ इंच तरी हवा. तिथून ३ इंच उतार चढवत आणला की दाराशी ६ इंच होतो. आतल्या खोलीत मसाला आणि फरशी मिळून अडीच इंच. म्हणजे गच्ची खोलीपेक्षा साडेतीन इंच उंच! आणि आम्ही दोन्हींचा स्लॅब एकाच पातळीत दाखवला होता. मिस्त्रींना गच्ची खोलीच्या खाली ठेवायची होती, म्हणून त्यांनी दाराशी २ इंच आणि पाइपाशी दीड इंच असा कोबा कसाबसा बसवला. त्यांनी आमची चूक झाकली, पावसाने ती उघडी पाडली.

ही चूक होते कशी, ते सांगतो. प्लॅनमध्ये उंची दिसत नाही; खोली आणि गच्ची यांच्यामध्ये एक रेघ असते, एवढंच. उंची दिसते सेक्शनमध्ये, आणि महापालिकेच्या मंजुरीसाठी सेक्शन काढताना आपण सवयीने तो जिन्यातून कापतो. गच्चीच्या दारातून कुणी कापत नाही. पूर्वी ट्रेसिंग पेपरवर शाई ब्लेडने खरवडावी लागायची, तेव्हाही कापत नव्हते. आता स्क्रीनवर तो पाच मिनिटांत निघतो, तरी कापत नाहीत. यात सॉफ्टवेअरचा दोष नाही.

स्लॅब पडण्याआधी याचे उपाय सोपे असतात. गच्चीचा स्लॅब खोलीपेक्षा ८ इंच खाली टाकला की सगळं सुटतं. तेवढी मोकळीक नसेल तर पाइप दाराच्या जवळ आणायचे, उतार लांब न्यायचा नाही. कोबा जाड करून वेळ मारून नेऊ नका. ६ इंचांचा कोबा दर चौरस फुटाला २५ किलोच्या आसपास वजन टाकतो, आणि ते स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या हिशेबात धरलेलं असेलच असं नाही.

आमच्याकडे स्लॅब पडून दोन वर्षं झाली होती. सगळा कोबा काढला. पलीकडचा पाइप बंद करून दोन्ही बाजूंच्या कठड्यांत मध्यावर एकेक नवा पाइप दिला. त्यामुळे पाण्याला जास्तीत जास्त १३ फूट जायचं राहिलं, उतार दीड इंचावर आला. पाइपाशी ३, दाराशी साडेचार. भिंतीशी वाटा, म्हणजे कोपऱ्यातली ती गोलाई, चांगली फूटभर वर चढवली आणि गिलाव्यात खाच मारून तिचं वरचं टोक आत घेतलं. उंबरा बाहेरच्या पातळीपेक्षा ४ इंच वर हवा, म्हणून तो खोलीच्या फरशीपासून ६ इंच उचलावा लागला. दार तेवढं खालून कापलं. खर्चाचा अर्धा वाटा ऑफिसने सोसला. बाईंनी मागितला नव्हता.

नवीन घर ताब्यात घेणाऱ्याला एवढं सांगा: गच्चीच्या दारासमोर चार बादल्या पाणी ओता आणि अर्ध्या तासाने परत या. पाणी अजून तिथेच असेल, तर रंग-पॉलिशची चर्चा थांबवून उताराचं बोला. पावसाळ्यानंतर गच्चीवर वाळलेल्या चिखलाची गोल कडी दिसली, तर तेही तेच सांगत असते.

त्या बंगल्यात पाणी पुन्हा आलं नाही. पण गेल्या दिवाळीला फराळाला गेलो होतो. घरातल्या आजी हातात ताट घेऊन गच्चीवर निघाल्या, दाराशी थांबल्या, चौकटीला हात टेकवला आणि मगच पाय उचलला. सवयीने. मी माझ्या बशीत बघत बसलो.

गुरुवारी नदीकाठच्या साइटवर वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. त्याच्या ड्रॉइंगमध्ये गच्चीच्या दारातून कापलेला सेक्शन मला काल दिसला नाही. बुधवारी संध्याकाळी सेंट्रिंगवर जाऊन पातळी बघा, बदल करायचा असेल तर सळई बांधलेली असली तरी काम थांबवा आणि इंजिनिअरना बोलवा. पातळी नळी माझ्या टेबलाच्या खालच्या खणात आहे. पाणी भरल्यावर तिच्यातले बुडबुडे काढायला विसरू नका, नाहीतर ती खोटं बोलते.

तुमचा,
सर