डुलणारा, घरघरणारा, मंदावलेला पंखा

पाचवर ठेवलेला पंखा दोनवर असल्यासारखा फिरायला लागला की पहिला संशय रेग्युलेटरवर जातो आणि दुसरा मोटरवर. खरा दोषी बहुतेक वेळा तिसराच असतो. पंख्याच्या वाटीखाली दडलेली, काड्यापेटीपेक्षा फार मोठी नसलेली एक डबी. वायरमन तिला कंडेन्सर म्हणतात, दुकानातल्या पाकिटावर कॅपॅसिटर असं छापलेलं असतं. शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळणाऱ्या या वस्तूपायी कित्येक धडधाकट पंखे रिवाइंडिंगला जातात किंवा भंगारात.

तिचं काम काय, ते आधी पाहू. घरातली वीज सिंगल फेज असते. अशा विजेवर एकच वाइंडिंग असलेली मोटर जागच्या जागी थरथरते, पण कोणत्या दिशेने फिरायचं हे तिला ठरवता येत नाही. एकाच पायाने सायकल चालवून पाहा. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना कितीही जोर लावला तरी चाक हलत नाही, दुसरा पाय लागतोच. पंख्यात हा दुसरा पाय म्हणजे दुसरं वाइंडिंग. त्याचा जोर पहिल्याबरोबर न येता थोडा पुढेमागे यावा लागतो, आणि ती चुकामूक घडवून आणण्याचं काम कंडेन्सर करतो. आपल्याकडच्या नेहमीच्या, म्हणजे 1200 मिलिमीटर घेराच्या पंख्यात तो बहुधा 2.5 मायक्रोफॅरडचा असतो.

हा कंडेन्सर एकदम मरत नाही, झिजत जातो. आत प्लास्टिकची पातळ फिल्म असते आणि तिच्यावर धातूचा अतिपातळ थर असतो. व्होल्टेजचा एखादा झटका बसला की फिल्मला सूक्ष्म भोक पडतं. त्याच्याभोवतीचा धातू उडून जातो, त्यामुळे शॉर्ट होत नाही, पण तेवढी क्षमता कायमची जाते. अशी भोकं वर्षानुवर्षं साठत जातात. पंखा दर उन्हाळ्यात थोडा मंद होतो आणि आपण म्हणतो, यंदा उकाडाच फार आहे.

ओळखीच्या एका घरातलं उदाहरण घेऊ. बारा वर्षांचा पंखा, वायरमनने रिवाइंडिंग सांगितलेलं. पंख्याच्या फेऱ्या डोळ्यांनी मोजता येत नाहीत. म्हणून एका पात्याला लाल चिकटपट्टी लावून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रीकरण केलं. पूर्ण वेगावर 10 सेकंदांत 34 फेऱ्या भरल्या, म्हणजे मिनिटाला जेमतेम 200. असा पंखा साधारण 350च्या आसपास फिरायला हवा. कंडेन्सर काढून मायक्रोफॅरड दाखवणाऱ्या मल्टिमीटरवर धरला, तर 2.5च्या जागी 1.4. त्याच मापाचा नवा बसवल्यावर 10 सेकंदांत 57 फेऱ्या. मोटरला हातही लावावा लागला नाही.

कंडेन्सर पुरता गेला असेल तर मल्टिमीटरही लागत नाही. पंखा सुरू केला की तो नुसता हुंकार भरत उभा राहतो. लांब लाकडी काठीने पातं हलकेच ढकललं की फिरायला लागतो, आणि ज्या दिशेने ढकलाल त्याच दिशेने. ढकलूनही जड जात असेल तर दोष बेअरिंगचा. ढकलताना पातं मोकळं फिरतं पण आवाजच येत नाही, तर वीज पंख्यापर्यंत पोहोचत नाही किंवा वाइंडिंग तुटलंय.

काही जण 2.5च्या जागी मुद्दाम 3.15चा कंडेन्सर बसवतात. पंखा थोडा जोरात फिरतोही. पण दुसऱ्या वाइंडिंगमधून ठरल्यापेक्षा जास्त करंट जातो, मोटर तापते आणि ज्या रिवाइंडिंगचा खर्च टाळला होता तो खर्च दारात येऊन उभा राहतो. जुन्या डबीवर छापलेला आकडाच आणावा.

घरातले सगळेच पंखे आणि तेही संध्याकाळीच मंदावत असतील, तर पंख्यांना दोष देऊ नका. व्होल्टेज पडलंय. 230च्या जागी 180 आलं की मोटरचा जोर पाऊणपट नव्हे, साधारण साठ टक्क्यांवर येतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. नवा कंडेन्सर आणून इथे काही होणार नाही.

आता आवाज. इथे एक चाचणी एवढी सोपी आहे की ती केल्याशिवाय कुणाला बोलावूच नये. पंखा जोरात फिरत असताना बटण बंद करा आणि कान द्या. बटणाबरोबर आवाजही तुटला तर तो विजेचा. पंखा गरगरत थांबेपर्यंत आवाज येत राहिला तर तो यंत्राचा, म्हणजे बेअरिंगचा, सैल स्क्रूचा किंवा कुठेतरी घासणाऱ्या वाटीचा.

विजेच्या आवाजाचं मूळ बहुतेकदा भिंतीवर असतं. गोल बटणाचा छोटा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेच्या प्रत्येक लाटेचा तुकडा कापून वेग कमी करतो. कापलेल्या लाटेने मोटरचे पत्रे थरथरतात आणि दोन-तीनवर पंखा गुणगुणतो. पाचवर नेलात आणि गुणगुण थांबली, तर मोटर निर्दोष आहे. टप्प्याटप्प्याने वेग बदलणारा, कॅपॅसिटर असलेला रेग्युलेटर बसवला की ही तक्रार संपते. लाइट गेल्यावर इन्व्हर्टरवरच पंखा घुंघुं करत असेल, तर इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर तोच पंखा गप्प असतो. (बीएलडीसी पंख्यांना मात्र भिंतीवरचा जुना रेग्युलेटर लावूच नये. त्यांचा वेग त्यांच्या आतलं सर्किट ठरवतं, बाहेरचा रेग्युलेटर ते बिघडवतो.)

यंत्राच्या आवाजावर घराघरांत एकच औषध चालतं, वरून तेल सोडणं. ते करू नका. बेअरिंग आतून ग्रीस भरून बंद केलेलं असतं. बाहेरून ओतलेलं तेल त्यात फारसं शिरत नाही, ते वाइंडिंगवर उतरतं आणि धूळ धरतं. घरघर करणारं बेअरिंग बदलायचंच असतं. त्यासाठी मोटर उघडावी लागते, आणि ते काम दुकानातलं. दुकानातून आलेला पंखा वेगात फिरतोय पण खाली वारा नाही, असं झालं तर खाली उभं राहून त्याची दिशा पाहा. आपल्याकडचा पंखा खालून पाहताना घड्याळाच्या उलट फिरतो. वायरी अदलाबदल होऊन जोडल्या गेल्या की तो सुलट फिरतो आणि वारा छताला देतो.

डुलण्याचं कारण शोधायला मात्र फक्त मोजपट्टी लागते. तिन्ही पाती वजनाने जुळवून एकत्र विकली जातात, आणि जरासा फरकही वेगात मोठा होतो. मध्यापासून अर्ध्या मीटरवर 10 ग्रॅम जास्तीचं वजन असेल, तर मिनिटाला 350 फेऱ्यांच्या वेगात ते सुमारे 700 ग्रॅमच्या जोराने पंख्याला बाहेर ओढतं, आणि त्या ओढीची दिशा सेकंदाला जवळजवळ सहा वेळा पुरी फिरते. पात्याच्या पुढच्या कडेला जमलेली काळी, चिकट धूळ तिन्ही पात्यांवर सारखी बसत नाही. म्हणून सुरुवात ओल्या फडक्याने करावी. पातं पुसताना दुसरा हात खालून आधाराला हवा, कारण डुलणारे निम्मे पंखे जोर लावून पुसल्यामुळेच डुलायला लागतात, असा माझा संशय आहे.

पुसूनही डुलत असेल तर छतापासून प्रत्येक पात्याच्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. स्टूल न हलवता, एकेक पातं हाताने फिरवून त्याच जागी आणून मोजायचं, कारण छत स्वतःच सपाट असेल याची खात्री नसते. समजा 29.5, 29.6 आणि 30.4 सेंटिमीटर आलं. तिसरं पातं जवळजवळ सेंटिमीटरभर खाली लोंबतंय. दोन-तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, हा नाही. बहुधा मोटरवर बसणारे त्याचे स्क्रू सैल असतात. ते आवळले की काम झालं. मग टोकापासून टोकापर्यंतची तीन अंतरंही पाहा. 1200च्या पंख्यात ती सुमारे 104 सेंटिमीटर आणि तिन्ही सारखी हवीत. पातं मुळाशीच वाकलं असेल तर ते हाताने सरळ करत बसू नये. अ‍ॅल्युमिनियम पुन्हा पुन्हा वाकवलं की तडकतं. दुसऱ्या पंख्याचं एक पातं आणूनही चालत नाही, तिन्हींचा संचच बदलावा लागतो.

हे सगळं वीज बंद करून, आणि नुसतं बटण बंद करून नव्हे. जुन्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं, मग बटण बंद असतानाही पंख्याच्या वायरीत वीज असते. एमसीबी खाली करा. घरात इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर मेन गेल्याचं पाहून तोच पंख्याला वीज पुरवायला लागेल. मग टेस्टर लावा, आणि टेस्टर चालतो की नाही हे आधी चालू प्लगवर पाहून घ्या. काढलेल्या कंडेन्सरच्या दोन टोकांना बोट लावू नका, त्यात साठलेली वीज झटका देऊ शकते. प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने दोन्ही टोकं एकत्र टेकवली की ती निघून जाते. टेबलावर खुर्ची ठेवून चढण्याची हौस नको. शिडी किंवा भक्कम स्टूल, आणि ते धरायला माणूस.

पुसणं, पात्यांचे स्क्रू आवळणं, मोजमाप, आणि वायरींची सवय असेल तर कंडेन्सर बदलणं, इतकं घरी करावं. जळका वास येत असेल, मोटरला किंवा दांड्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, पंखा लावला की एमसीबी पडत असेल, तर तो बंद ठेवून वायरमनला बोलवावं.

एक गोष्ट मात्र पंखा नीट चालत असला तरी पाहून घ्यायला हवी. छताच्या हुकाला पंखा ज्या बोल्टने लटकतो, त्याच्याभोवती रबराचा बुश असतो. म्हणूनच पंखा थोडासा हलतो आणि ते हलणं ठीक आहे. पण रबर वाळून तुकडे पडले की लोखंड लोखंडावर घासतं, आणि दांडा वर्षानुवर्षं हलत राहिला की नट सैल होत जातो. तो निसटू नये म्हणून बोल्टच्या टोकातून एक स्प्लिट पिन घालून तिचे पाय फाकवलेले असतात. बसवणाऱ्याला घाई असली की नेमकी हीच राहून जाते, आणि वरच्या वाटीमुळे ते कुणाला दिसत नाही. वायरमन कोणत्याही कामाला घरी आला, की त्याला प्रत्येक पंख्याची वरची वाटी खाली सरकवून रबर आणि पिन बघायला सांगा.