खर्डा सुधारताना वाक्ये ताठ का होतात

मराठीतले लिखाण ताठर होते ते बहुतेक वेळा दुसऱ्या हाताला. पहिला खर्डा माणूस बोलल्यासारखा लिहून काढतो. त्यात चुका असतात, वाक्ये लांबतात, एखादा शब्द तीनदा येतो. मग तो खर्डा सुधारायला घेतला की चुकांबरोबर बोलणेही पुसले जाते आणि उरते ते एखाद्या कार्यालयातून सुटलेल्या पत्रासारखे. शाळेची स्मरणिका, सोसायटीचा वार्षिक अंक, एकसष्टीची पुस्तिका, ज्ञातीचे मासिक यांतले कितीतरी लेख याच वाटेने गेलेले दिसतात. लिहिणारी माणसे गप्पांत रंगणारी असतात, लेख मात्र सगळे एकाच कारकुनाने लिहिल्यासारखे वाटतात.

हे नेमके कसे घडते ते एका परिच्छेदावर पाहता येईल. समजा, गावच्या शाळेच्या स्मरणिकेसाठी एका माजी विद्यार्थिनीने शाळेच्या शिपायावर लिहिले आहे. तिचा पहिला खर्डा असा:

“बापूकाका शाळेची घंटा द्यायचे. घड्याळ बघून नाही, सातच्या एसटीचा हॉर्न ऐकून. एसटी उशीरा आली की शाळाही उशीरा भरायची आणि आम्हाला ते फार आवडायचं आणि मग मोठे गुरुजी चिडायचे पण बापूकाकांना कोणी काही बोलायचं नाही कारण सगळ्या शाळेचं पाणी तेच भरायचे, विहिरीवरून, आणि पाणी म्हणजे त्यावेळी आमच्या गावात पाणी म्हणजे सोनंच होतं.”

याच परिच्छेदावर नेहमीचा ‘सफाईचा’ हात फिरला की तो असा होतो:

“बापूकाका यांच्याकडून शाळेची घंटा देण्याचे कार्य पार पाडले जात असे. सदर कार्यासाठी घड्याळाऐवजी सकाळी सात वाजता येणाऱ्या एसटी बसच्या हॉर्नचा आधार घेण्यात येत असे. बसच्या आगमनास विलंब झाल्यास शाळा सुरू होण्यासही विलंब होत असे, जी बाब विद्यार्थ्यांसाठी आनंददायी ठरत असे. मुख्याध्यापक नाराजी व्यक्त करत असत. तथापि जलटंचाईच्या काळात पाणीपुरवठ्याची जबाबदारी बापूकाका यांच्यावर असल्याने त्यांच्याविरुद्ध तक्रार केली जात नसे.”

व्याकरणाची एकही चूक नाही, शुद्धलेखन निर्दोष आहे, आणि बापूकाका गायब झाले आहेत. बिघाड कुठून शिरला हे शोधताना बहुतेकांचे बोट आधी ‘आगमन’, ‘विलंब’, ‘तथापि’ अशा संस्कृत शब्दांवर जाते. खरा घाव मात्र क्रियापदांवर बसलेला आहे. ‘घंटा द्यायचे’ यात देणे हे काम क्रियापद स्वतः करते. ‘देण्याचे कार्य पार पाडले जात असे’ यात देण्याचे नाम झाले आणि ते उचलायला ‘पार पाडणे’ हे दुसरे, रिकामे क्रियापद आणावे लागले. ‘चिडायचे’ हा एक शब्द. त्याचे ‘नाराजी व्यक्त करत असत’ झाले, आणि चिडलेल्या गुरुजींचा लाल चेहरा त्यात दिसेनासा झाला.

दुसरा बिघाड कर्त्याचा. ‘बापूकाका यांच्याकडून … पार पाडले जात असे’ ही रचना बोलताना कोणी करत नाही. कोणी केले हे सांगायचे असेल तर मराठी माणूस सरळ कर्ता पुढे ठेवतो. ‘करण्यात येत असे’, ‘घेण्यात आले’ ही रूपे करणारा कोण हे सांगायचे नसते किंवा सांगायची गरज नसते तेव्हाची. आठवणींच्या लेखात करणारा हाच तर विषय असतो. त्याच ओघात ‘आम्हाला’ जाऊन ‘विद्यार्थ्यांसाठी’ आले आणि सांगणारी बाई स्वतःच्याच शाळेतून बाहेर पडली. ‘जी बाब आनंददायी ठरत असे’ ही शेपटी तर उघड इंग्रजी वळणाची आहे. मराठीत ‘जो’ बहुधा आधी येतो आणि ‘तो’ मागून. तसे जमत नसेल तर नवे वाक्य सुरू करावे. ‘आम्हाला ते फार आवडायचं’ एवढे पुरते.

तिसरी गोष्ट बारीक आहे आणि म्हणून सहज निसटते. पहिल्या खर्ड्यात ‘पाणी तेच भरायचे’, ‘सोनंच होतं’, ‘एसटी उशीरा आली की’ अशी चिमुकली अव्यये आहेत. च, ही, तर, की, ना, म्हणे, बुवा यांच्यावर मराठी वाक्याचा सूर तोललेला असतो. ‘तोच काल आला’ आणि ‘तो कालच आला’ या दोन वाक्यांत फक्त ‘च’ सरकला आहे, पण एकात माणसावर जोर आहे आणि दुसऱ्यात दिवसावर. सुधारणारा हात ही अव्यये फालतू समजून काढतो, आणि मग जोर कुठे द्यायचा होता ते वाचणाऱ्याला कळत नाही. अर्थात ‘च’ दर वाक्यात असेल तर त्याचाही जोर जातो. बोलण्यात खपतो तेवढा कागदावर खपत नाही.

आता संस्कृत शब्दांबद्दल. त्यांच्यावर सगळा दोष टाकणे सोपे आहे, कारण सरकारी मराठीची थट्टा जुनी आहे. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले, पुढे पदनाम कोश आला आणि आचार्य अत्र्यांनी त्याची ‘बदनाम कोश’ म्हणून खिल्ली उडवली. पण त्याच प्रकारे घडवलेले कितीतरी शब्द अंगवळणी पडले आहेत. सावरकरांनी सुचवलेले ‘महापौर’ आणि ‘दिनांक’ आज कोणालाही जड वाटत नाहीत. शिवाय संस्कृत शब्द म्हणजे ताठरपणा असे असते, तर विष्णुशास्त्री चिपळूणकर सर्वांत ताठर ठरले असते. १८७४ मध्ये सुरू झालेल्या ‘निबंधमाले’त संस्कृत शब्दांची रेलचेल आहे, वाक्ये लांबलचक आहेत, तरी ती लिहिणारा माणूस पानोपानी भेटतो, कधी चिडलेला, कधी टोमणे मारणारा. दुसऱ्या टोकाला लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. त्यांचे शाळेत शिक्षण झाले नव्हते. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला आणि घरगुती बोलण्याचा बाज त्यात शाबूत आहे. दोघांच्या शब्दसंपत्तीत जमीन-अस्मानाचा फरक, पण दोघांनीही आपले शब्द वापरले. म्हणून शब्द संस्कृत आहे का, हे विचारून उपयोग नाही. हा शब्द लिहिणारी व्यक्ती एरवी वापरते का, एवढेच विचारावे. संस्कृतच्या निवृत्त शिक्षकाच्या लेखात ‘तथापि’ शोभेल. बापूकाकांच्या विद्यार्थिनीला तो परका आहे.

मग सुधारायचे काय? पहिल्या खर्ड्यात दोष आहेतच. ‘आणि … आणि … पण … कारण’ अशी गाडी डब्याला डबा जोडत गेली आहे. ‘पाणी म्हणजे’ दोनदा आले आहे, तेही अडखळून. ‘उशीरा’ हे शुद्धलेखनाच्या दृष्टीने चूक, ‘उशिरा’ बरोबर. ‘त्यावेळी’ जोडून लिहिले आहे. एवढेच दुरुस्त केले तर परिच्छेद असा होईल:

“बापूकाका शाळेची घंटा द्यायचे. घड्याळ बघून नाही, सातच्या एसटीचा हॉर्न ऐकून. एसटी उशिरा आली की शाळाही उशिरा भरायची. आम्हाला ते फार आवडायचं. मोठे गुरुजी चिडायचे, पण बापूकाकांना कोणी काही बोलायचं नाही. सगळ्या शाळेचं पाणी तेच भरायचे, विहिरीवरून. आणि पाणी म्हणजे तेव्हा आमच्या गावात सोनंच होतं.”

इथे जवळपास सगळे शब्द तिचेच राहिले आहेत. चार ठिकाणी वाक्य तोडले, दोन-तीन जोडशब्द गाळले, अडखळणे काढले. ‘विहिरीवरून’ क्रियापदाच्या मागे राहिले आहे, ते मुद्दाम. व्याकरणाच्या शिस्तीत क्रियापद शेवटी येते खरे, पण बोलताना आठवलेला तपशील असाच मागाहून पडतो. अशी एखादी जागा राखावी, दहा राखल्या तर मात्र ती लकब होते. ‘उशिरा’ लागोपाठ दोनदा आले आहे, तेही ठेवले. कारण एसटीचा आणि शाळेचा उशीर एकच आहे, हाच त्यातला विनोद. तोच शब्द पुन्हा नको, हे शाळेत शिकवलेले सूत्र इथे पाळले असते तर विनोद गेला असता.

एक निर्णय मात्र हात लावण्याआधीच करावा लागतो: ‘असं, केलं, भरायचे’ की ‘असे, केले, भरत असत’? मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखनाच्या नियमांनुसार पात्राच्या तोंडी ‘असं केलं’ चालते, इतर लेखनात ‘असे केले’ अपेक्षित असते. पण आठवणी, ललित लेख यांत निवेदनही बोलीरूपात छापण्याची रीत आता रुळली आहे. दोन्ही रूपांत चांगले लिहिता येते. बिघडते ते सरमिसळीने, म्हणजे एका वाक्यात ‘आवडायचं’ आणि पुढच्यात ‘चिडत असत’ असे झाले की. बोलीच्या शब्दांचेही तसेच. नागपूरकडच्या लेखात आजी “नळाला पाणी येऊन राहिलं” म्हणत असेल, तर तिथे ‘येत आहे’ करणे ही दुरुस्ती नव्हे, आजी बदलणे होय.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी मजकुराची मांडणी पाहावी, मग लांब वाक्ये तोडावीत, मग क्रियापदे तपासावीत, आणि ऱ्हस्व-दीर्घ अगदी शेवटी. शुद्धलेखन आधी हाती घेतले की मन चुका पकडायच्या तंद्रीत जाते आणि चूक नसलेल्या जागाही खुपू लागतात. सुधारलेली प्रत मोठ्याने वाचावी; जिथे वाचणाऱ्याचा सूर बातम्या दिल्यासारखा होतो तिथे खूण करावी आणि मूळ खर्ड्यात त्या जागी काय होते ते पाहावे. त्यासाठी मूळ प्रत जपून ठेवलेली हवी. संगणकावर लिहिणाऱ्याने ‘करण्यात’, ‘द्वारे’, ‘सदर’, ‘बाब’, ‘माध्यमातून’ एवढे पाच शब्द शोधून पाहिले तरी निम्मे काम होते.

हे सगळे सहीनिशी लिहिलेल्या मजकुरापुरते आहे. सोसायटीच्या सभेच्या इतिवृत्तात ‘ठराव एकमताने मंजूर करण्यात आला’ हेच वाक्य योग्य, कारण तो ठराव सभेचा असतो, लिहून घेणाऱ्या चिटणिसाचा नाही.