‘कौन है ये?’ या प्रश्नाचं उत्तर

नवरा नाशिकचा, बायको कानपूरची, नोकरी दोघांची पुण्यात आणि घरातली भाषा हिंदी. अशी जोडपी आता आपल्या ओळखीत असतातच. भाजी आणणं, घरभाडं, सुट्टीचे बेत यांपुरतं आपलं हिंदी चांगलं चालतं. ते अडखळतं जोडीदाराच्या मनात शंकेची पाल चुकचुकते तेव्हा. अशा वेळी आपण शब्द हिंदी वापरतो, पण बोलण्याची धाटणी मराठी राहते, आणि समजूत घालायला गेलेला माणूस भांडण वाढवून बसतो.

एक प्रसंग धरून चालू. नवरा ऑफिसच्या जेवणाला गेला. नऊला येतो म्हणाला आणि आला साडेअकराला. मधे बायकोचे दोन फोन येऊन गेले, ते त्याने घेतले नाहीत. चपला काढतो न काढतो तोच टेबलावर ठेवलेला मोबाइल उजळला. टीममधल्या मुलीचा मेसेज होता : ‘पहुँच गए?’ बायकोने तो पाहिला आणि विचारलं, ‘कौन है ये?’

इथे तोंडात पटकन येणारी उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, ‘कोई नहीं.’ मेसेज समोर दिसतोय, म्हणजे कुणीतरी आहेच. त्यामुळे निष्पाप माणसाचंही हे वाक्य खोटं ठरतं. दुसरं, ‘तू शक कर रही है क्या?’ तिने फक्त प्रश्न विचारला होता, आता तिच्यावर आरोप झाला. पुढचं बोलणं त्या मेसेजवर न होता तिच्या स्वभावावर होणार. तिसरं, ‘तेरी कसम, कुछ नहीं है.’ शपथेने शंका मोठी होते. साध्या गोष्टीला शपथ का लागली, असं ऐकणाऱ्याला वाटतं आणि पुढच्या वेळी शपथेशिवायचं उत्तर पुरत नाही.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उत्तरात आणखी एक खोच आहे, ती म्हणजे ‘तू’. मराठी नवरा-बायकोत तू हा जवळिकीचा शब्द. मुंबईच्या हिंदीतही तो सहज खपतो. उत्तर प्रदेशातल्या बहुतेक घरांत मात्र नवरा-बायको एकमेकांना ‘तुम’ म्हणतात, कुठे ‘आप’. तिथे चढ्या आवाजातला ‘तू’ म्हणजे अपमान. एरवी लाडाने तू चालत असला, तरी वाद सुरू होताच ‘तुम’वर यावं. बायको मराठी आणि नवरा तिकडचा असेल, तरी हेच लागू.

आता चालणारं उत्तर कसं बांधायचं ते पाहू. ‘कौन है ये?’ हा प्रश्न नावाचा आहे, पण त्याच्या पोटात दुसराच प्रश्न आहे : मी तुझ्या लेखी कुठे आहे? लहान मुलांना आईवडिलांविषयी वाटणाऱ्या ओढीचा अभ्यास जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी केला. १९८७ साली सिंडी हझान आणि फिलिप शेव्हर यांनी तोच विचार मोठ्यांच्या प्रेमसंबंधांना लावून पाहिला. त्या विचारानुसार काही माणसांना जोडीदार जरा दूर गेला तरी नातं धोक्यात आल्यासारखं वाटतं, आणि ती पुन्हा पुन्हा विचारून खात्री करून घेतात. अशा माणसाला नुसती माहिती दिली तर आतला प्रश्न तसाच राहतो. नुसती माया दाखवली तर काहीतरी लपवलं जातंय असं वाटतं. म्हणून दोन्ही द्यायचं.

आधी सरळ उत्तर, एका दमात : ‘मेरी टीम में है, आज सब साथ खाने गए थे. चाहो तो मेसेज देख लो.’ मग तिच्यावर काय गुजरलं ते तिच्या बाजूने : ‘तुम ढाई घंटे राह देखती रहीं, मैंने फ़ोन भी नहीं उठाया. तुम्हें बुरा लगा होगा.’ शेवटी पुढचं, आणि तेही मोजता येईल असं : ‘अगली बार देर हुई तो नौ बजे से पहले फ़ोन करूँगा.’ ‘अब से ध्यान रखूँगा’ हे वाक्य कानाला गोड लागतं, पण ते पाळलं की नाही हे कळायला मार्ग नाही. नऊच्या आधीचा फोन आला की नाही, हे कळतं.

यातलं ‘बुरा लगा’ नीट पाहण्यासारखं आहे. आपण अनेकदा ‘तुमने बुरा मान लिया’ म्हणून जातो. ‘लगा’ म्हटलं की वाईट वाटणं ही घडलेली गोष्ट होते. ‘मान लिया’ म्हटलं की तिने ते ओढवून घेतलं असा सूर लागतो. मराठीत ‘तुला लागलं’ आणि ‘तू लावून घेतलंस’ यांत जे अंतर आहे, तेच इथे. ‘तुम्हें बुरा लगा होगा, लेकिन...’ हेही टाळावं. ‘लेकिन’ आला की त्याच्या आधीचं सगळं वाया जातं. तिथे पूर्णविराम द्यावा आणि थांबावं.

थांबल्यावर ती चिडून बोलली, ‘हर बार यही होता है’ म्हणाली, तर हिशेब काढू नये. ‘हाँ, आज यही हुआ’ एवढंच कबूल करावं. उत्तर लागू पडतंय की नाही, हे तिच्या प्रश्नांवरून ओळखता येतं. प्रश्न तपशिलाचे होऊ लागले, ‘खाना कैसा था’, ‘और कौन कौन था’, तर ताण उतरतोय. तोच प्रश्न चढत्या आवाजात येत असेल, तर ऐकणं बंद झालेलं आहे.

अशा वेळी कितीही गोड वाक्य उपयोगाचं नाही. जोडप्यांच्या भांडणांचा अनेक वर्षं अभ्यास केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन सांगतात, की नाडी मिनिटाला शंभराच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं म्हणणं नीट ऐकून घेता येत नाही, आणि शरीर शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. पण ‘बाद में बात करते हैं’ म्हणून निघून गेलं, तर घाबरलेल्या माणसाला तो नकार वाटतो. जाताना परत येण्याची वेळ सांगावी : ‘मैं कहीं नहीं जा रहा. बीस मिनट बालकनी में हूँ, फिर बैठकर बात करते हैं.’ आणि विसाव्या मिनिटाला खरोखर येऊन बसावं. न येण्यानेच पुढच्या वेळचा अविश्वास तयार होतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. एकदा पूर्ण उत्तर मिळाल्यावरही तोच प्रश्न रोज येत असेल, तर दर वेळी नवा पुरावा दिल्याने भूक वाढते. तेव्हा ‘इसका जवाब दे चुका हूँ, वो बदला नहीं. आओ, साथ बैठते हैं’ असं म्हणून उत्तर न लांबवता सोबत द्यावी. त्यानेही फरक पडत नसेल, तर समुपदेशकाकडे जावं. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठी, हिंदी दोन्हींत बोलता येतं.

आणि जोडीदार मित्रमैत्रिणी तोडायला लावत असेल, पगार काढून घेत असेल, क्षणोक्षणी ठावठिकाणा विचारत असेल, धमकावत किंवा हात उगारत असेल, तर तो समजूत घालण्याचा विषय उरत नाही. तिथे योग्य वाक्य शोधत बसू नका. आधी विश्वासातल्या कुणाला तरी सांगा. स्त्रियांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.