फोटोतला मोरपंखी

‘ताई, पार्सल मिळालं. शिवण सुंदर आहे, पण रंग साडीशी अजिबात जुळत नाही. हा सरळ हिरवा आहे हो. माझी साडी मोरपंखी आहे. बारा दिवसांवर भावाचं लग्न आलंय.’

ठाण्याहून आलेला हा मेसेज कराडजवळच्या एका गावातल्या तेवीस वर्षांच्या मुलीने दुपारी मशिनवर बसल्या बसल्या वाचला. गावातल्या बायकांचे ब्लाऊज ती चार वर्षं शिवत होती. फोनवर फोटो टाकून बाहेरगावची कामं घ्यायला तिने नुकतीच सुरुवात केली होती आणि ठाण्याच्या या ताई तिच्या पहिल्या ऑनलाइन गिऱ्हाईक. आईची जुनी रेशमी साडी होती. तिचा मूळ ब्लाऊज आता अंगाला येत नव्हता. त्यांनी साडीचा फोटो पाठवला, मापं इंचांत लिहून कळवली आणि ‘मॅचिंग कापड तुम्हीच घ्या’ म्हणून सांगितलं. तिने कराडच्या मॅचिंग सेंटरमध्ये फोन काउंटरवर ठेवून फोटोशी ताडून कॉटन सिल्क घेतलं, अस्तर लावून कटोरी ब्लाऊज शिवला आणि पाठवला.

अशा वेळी विक्रेत्यांकडे एक तयार वाक्य असतं: ‘प्रकाशामुळे व स्क्रीनमुळे रंगात थोडा फरक पडू शकतो.’ ते खोटं नाही, पण गिऱ्हाईकाच्या हातातला ब्लाऊज त्याने मोरपंखी होत नाही. दुसरं उत्तर तिच्या अगदी ओठांवर होतं, ‘फोटो तुम्हीच पाठवला होता.’ तेही खरं होतं. तिने दोन्ही लिहिली नाहीत. तिने लिहिलं, ‘ताई, उद्या सकाळी दहानंतर ब्लाऊज साडीवर ठेवून खिडकीपाशी एक फोटो काढाल का? थेट ऊन नको, घरातले दिवे बंद असू देत, आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद ठेवा.’

हा कागद फार कामाचा. पहिल्या फोटोत साडीमागची भिंत पिवळसर दिसत होती आणि तो फोटो रात्री दिवाणखान्यात काढलेला होता. घरातल्या पिवळ्या दिव्याचा प्रकाश साधारण २७०० केल्विनचा मानतात, दुकानातल्या पांढऱ्या ट्यूबचा बहुतेकदा ६५०० च्या आसपास. आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, आणि त्यात निळा भाग कमी. कपड्यावर जो रंग पडतच नाही, तो परत डोळ्यांत तरी कसा येणार? मोरपंखी साडीतला निळा त्या दिव्याखाली काळसर होऊन मागे सरतो आणि हिरवा पुढे येतो. आपला मेंदू हे बऱ्यापैकी सावरून घेतो, म्हणून घरात बसलेल्या ताईंना साडी मोरपंखीच दिसत होती. फोनचा कॅमेराही ‘इथे पांढरं काय असावं’ असा अंदाज बांधून रंग सावरतो, पण चौकटभर एकच गडद रंग असेल तर तो हमखास फसतो. शेजारचा पांढरा कागद त्याला आधार देतो, आणि पाहणाऱ्यालाही. कागद पिवळट दिसला की समजायचं, बाकीचे रंगही तितकेच पिवळट झाले आहेत.

मोरपंखीच्या वाट्याला आणखी एक अडचण येते. साध्या पडद्याला निळ्या-हिरव्याच्या मधले फार तेजस्वी रंग दाखवताच येत नाहीत. पडदा लाल, हिरवा आणि निळा एवढ्या तीनच ठिपक्यांतून सगळं जमवतो, आणि रेशमावर चढलेला काही गडद रंग त्या तिघांच्या आवाक्याबाहेर राहतो. मग फोन जवळचा एखादा फिका रंग लावून मोकळा होतो. राणी रंगाचंही काहीसं असंच, तो कॅमेऱ्यात भडकून सपाट होतो. म्हणून फोनवर मॅचिंग करायचंच असेल तर बदामी, राखाडी, फिकट गुलाबी त्यातल्या त्यात बरे. मोरपंखी, राणी आणि गडद जांभळा यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसऱ्या दिवशी नवा फोटो आला. कागद पांढराशुभ्र होता. साडी निळ्याकडे झुकलेली, ब्लाऊज बाटलीसारखा हिरवा. तक्रार खरी होती.

इथे या मुलीने एक गोष्ट हेरली, आणि मला ती या सगळ्या प्रकरणाचं मर्म वाटते. फोटोतल्या रंगावर भरवसा ठेवता येत नाही, पण एकाच फोटोत, एकाच प्रकाशात, दोन कापडं शेजारी असतील तर त्यांच्यातल्या फरकावर बराचसा ठेवता येतो. कॅमेरा चुकला तरी दोघांच्या बाबतीत सारखाच चुकतो. पहिल्या वेळी तिच्याकडे एकट्या साडीचा फोटो होता आणि तुलना तिने पडद्याची कापडाशी केली होती. ती तुलना मुळातच चुकीची.

मग कापडाशी ताडायला कापड हवं. साडी पाठवायला ताई तयार नव्हत्या, आईची आठवण होती ती. ‘पदराच्या दशांतले दोन धागे पाठवते,’ असं त्या म्हणाल्या. मुलगी हो म्हणणार होती, पण त्याआधी मॅचिंग सेंटरवाल्या काकांकडे गेली.

काका आधी हसले. ‘फोनवरून रंग मागायला आलीस तेव्हाच म्हणालो होतो ना?’ मग म्हणाले, ‘दशा नको मागवू. दशा म्हणजे नुसता ताणा.’

साडीच्या लांबीत धावणारे उभे धागे म्हणजे ताणा, आडवे म्हणजे बाणा. पदराच्या टोकाला जे सुटे धागे लोंबतात ते उभे असतात; बाण्याचा रंग त्यांच्यात नसतोच. रेशमी मोरपंखी साडी पुष्कळदा धूपछाव असते, म्हणजे एक रंग ताण्याला आणि दुसरा बाण्याला. दोन्हींच्या विणीतून तिसराच रंग डोळ्यांना दिसतो आणि घडी हलली की तो बदलतो. या साडीच्या नुसत्या दशा आल्या असत्या तर पहिला ब्लाऊज नुसता हिरवा झाला तसा दुसरा नुसता निळा झाला असता.

तिने ताईंना तो अंगाला न येणारा जुना ब्लाऊज मागितला. त्याने मापाचाही प्रश्न सुटणार होता. लिहून आलेल्या इंचांपेक्षा मापाचा ब्लाऊज केव्हाही बरा. मात्र पाठवण्याआधी तो उलटा करून शिवणीत सोडलेली माया साडीशी ताडून पाहायला सांगितलं, कारण साडी वर्षातून दोनदा नेसली जाते आणि ब्लाऊज दर वेळी धुतला जातो. बाहेरून तो विटलेला होताच. आतली माया साडीशी तंतोतंत जुळली.

स्पीड पोस्टने ब्लाऊज आल्यावर तिने मायेच्या कडेचे धागे सुईने सोडवले. उभा धागा गडद निळा निघाला, आडवा हिरवा. आता काकांकडे ‘मोरपंखी दाखवा’ म्हणायची गरज नव्हती. निळ्या ताण्याचं आणि हिरव्या बाण्याचं धूपछाव सिल्क हवं होतं. काकांनी तीन थान काढले. ट्यूबखाली तिन्ही सारखेच वाटले. ती दुकानाच्या पायरीवर आली तेव्हा एक बाद झाला. काकांनी गल्ल्यावरचा पिवळा दिवा लावला तेव्हा दुसराही बाद झाला.

एका प्रकाशात जुळलेली दोन कापडं दुसऱ्या प्रकाशात वेगळी दिसतात, हा रंगाऱ्यांचा जुना वैताग आहे. दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं ट्यूबच्या प्रकाशात डोळ्यांना सारखी दिसू शकतात, पण ती प्रकाश शोषतात वेगवेगळा, आणि दिवा बदलला की हे उघडं पडतं. म्हणून कापड गिरण्यांत नमुने पेटीत ठेवून आळीपाळीने दिवसाच्या प्रकाशासारखा, दुकानासारखा आणि पिवळा दिवा लावून तपासतात. कराडच्या दुकानात पायरी आणि गल्ल्यावरचा दिवा एवढ्यावर भागलं. लग्न संध्याकाळचं असल्यामुळे पिवळ्या दिव्याखाली टिकलेला थान तिने घेतला. ऐंशी सेंटिमीटर पुरले असते, तिने पूर्ण मीटर घेतलं.

त्याला कारण होतं. धूपछाव कापड आडवं फिरवलं की वेगळंच दिसतं. कापड वाचवायला आपण बाही आडवी बसवतो, पण या कापडात तसं केलं तर बाही हिरवी आणि पाठ निळी दिसेल. सगळे भाग एकाच दिशेने कापावे लागतात. कटोरी तर तिरक्या कापावर बेततात, म्हणजे छातीवर दोन वाट्या वेगळ्याच चमकणार. तिने ताईंना फोन करून हे सांगितलं आणि कटोरीऐवजी प्रिन्सेस कट सुचवला, कारण त्याचे सगळे भाग सरळ धाग्यावर बसतात. ताई आधी कुरकुरल्या, मग तयार झाल्या.

पैशांचा हिशेब त्याच फोनवर झाला. नव्या कापडाचे आणि पोस्टाचे पैसे ताईंनी दिले, शिलाई तिने घेतली नाही. पहिला हिरवा ब्लाऊज परत मागण्यात अर्थ नव्हता. मापाने शिवलेली वस्तू दुसऱ्याला विकता येत नाही. मला ही वाटणी न्याय्य वाटते. फोटो एकीचा होता, आणि त्यावर विसंबून कात्री दुसरीने चालवली होती. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवरून विकणाऱ्यांना एवढी मोकळीक नसते. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत दाखवल्यासारखा किंवा ठरल्यासारखा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला वा पैसे द्यायला नकार देता येत नाही.

दुसरा ब्लाऊज लग्नाच्या दोन दिवस आधी पोचला. ताईंनी खिडकीपाशी, साडीवर ठेवून, पांढरा कागद शेजारी मांडून फोटो पाठवला. यावेळी तो कोणी मागितला नव्हता.

आता ही मुलगी मॅचिंगचं काम घेताना आधी साध्या टपालाने एक पुठ्ठा पाठवते. त्यावर जवळच्या चार छटांची बोटभर कात्रणं टाचलेली असतात, प्रत्येकीखाली आकडा. गिऱ्हाईकाने ती साडीवर ठेवून दिवसा खिडकीत आणि रात्री दिव्याखाली पाहायची आणि आकडा कळवायचा. यात आठवडा जातो आणि काही गिऱ्हाइकं तेवढं थांबत नाहीत, ती सोडून द्यावी लागतात.

तुम्हीही ब्लाऊजपीस घ्यायला जाल तेव्हा साडीच घेऊन जा, आणि थान उचलून दुकानाच्या दाराबाहेर उजेडात पाहा. दुकानदार रागावत नाही, त्याला सवय असते.