दुसरी गाडी

बस्टर कीटनच्या 'वन वीक' या 1920 सालच्या मूकपटात नवविवाहित जोडप्याला आहेरात घर मिळतं, तेही खोक्यांत भरलेलं. खोक्यांवरच्या आकड्यांच्या क्रमाने तुकडे जोडायचे, की घर उभं. पण नवरीने नाकारलेला एक जण येतो आणि रंगाने ते आकडेच बदलून टाकतो.

एवढ्यात पटकथेचं अर्धं काम झालं. पुढे घर वेडंवाकडं उभं राहतं, वरच्या मजल्यावरचं दार थेट हवेत उघडतं, वादळात अख्खं घर भोवऱ्यासारखं फिरतं. यातलं काहीही मुद्दाम समजावून सांगावं लागत नाही. आकडे बदलताना प्रेक्षकाने पाहिलेलं असतं, नवऱ्याने नाही. हसू या फरकातून येतं. म्हणून मूक विनोदाच्या पटकथेत 'त्याला शंका येते' असं वाक्य आलं, की ते खोडावं. शंका कॅमेऱ्याला दिसत नाही. तो खोक्याकडे दोनदा बघतो, हे दिसतं.

खरा धडा मात्र शेवटच्या प्रसंगात आहे. घर चुकीच्या जागेवर बांधलंय, असं कळतं. ते गाडीला बांधून ओढत नेताना रेल्वेच्या रुळांवर अडकतं. हा प्रसंग कागदावर साधारण असा उतरेल:

लांबून. घर रुळांवर. आगगाडी येताना दिसते.
दोघं घर ढकलतात. ते हलत नाही. दोघं डोळे मिटतात.
गाडी शेजारच्या रुळावरून निघून जाते. घर शाबूत.
दोघं सुटकेचा श्वास सोडतात.
उलट दिशेने दुसरी गाडी येते आणि घराच्या चिंध्या करून जाते.

इथे सगळा खेळ कॅमेऱ्याच्या जागेचा आहे. शेजारचा रूळ आधीच ठळक दिसला, तर पहिली गाडी कुणालाच घाबरवणार नाही. चेहरे जवळून दाखवले, तर गाडी किती अंतरावर आहे ते कळणार नाही. सुटकेचा क्षण फार आखूड ठेवला, तर प्रेक्षक सैलावत नाही. लांबवला, तर तो दुसऱ्या गाडीची वाट बघू लागतो. त्यामुळे 'लांबून' हा एक शब्द त्या पानावरचा सगळ्यात महागडा शब्द ठरतो.

गंमत म्हणजे कीटन आणि त्याची विनोद रचणारी मंडळी अशी रीतसर पटकथा लिहीतच नसत. आधी सुरुवात ठरायची, मग शेवट. मधलं आपोआप सापडतं, असं कीटन म्हणत असे. दोन रिळांच्या, वीसेक मिनिटांच्या पटाला ते पुरायचं, कारण तीच माणसं रोज एकत्र काम करत होती. आज नव्या मंडळींना घेऊन लघुपट करणाऱ्याला ही चैन परवडत नाही. गाडीने घर चिरडल्यावर दुसऱ्या टेकसाठी ते उरत नाही, तेव्हा कॅमेरा कुठे ठेवायचा हे आदल्या दिवशीच्या कागदावर असलेलं बरं.