पाठवलेला भाव पुसायचा असेल तर कोणते बटण दाबावे?

आजकाल बाजारातील अर्धे सौदे व्हॉट्सअॅपवर होतात. भाव तिथेच सांगितला जातो, नमुन्याचा फोटो तिथेच जातो आणि ऑर्डरही तिथेच येते. त्यामुळे चुकीचा संदेश पाठवला गेला तर तो पुसण्याची वेळही प्रत्येकावर येते. पुसण्याचे दोन प्रकार आहेत, आणि त्यांतला फरक न कळल्यामुळे गेल्या वर्षी आमचे अठरा हजार रुपये गेले. म्हणून हा विषय व्यापारी व कारागीर बंधूंसमोर ठेवत आहोत.

झाले असे. जीन्सच्या खिशाला लागणाऱ्या पॉकेटिंगच्या कापडाचा आमचा रोखीचा भाव मीटरला 31 रुपये 50 पैसे होता आणि साठ दिवसांच्या उधारीचा 33 रुपये. उल्हासनगरचे एक रेडीमेडवाले आमचे जुने गिऱ्हाईक आहेत, त्यांचे खाते उधारीचे. एका गुरुवारी मगरिबच्या सुमारास दुसऱ्याच व्यापाऱ्यासाठी लिहिलेला रोखीचा भाव आम्ही घाईत त्यांना पाठवला. त्यात ‘रोख’ हा शब्दही लिहिलेला नव्हता, नुसता भाव होता. चार-पाच मिनिटांत चूक लक्षात आली. आम्ही संदेशावर बोट दाबून धरले, वर कचऱ्याच्या डब्याची खूण आली, ती दाबली आणि पुढे जे विचारले गेले त्यावर न वाचताच बोट ठेवले. संदेश नाहीसा झाला आणि आम्ही निश्चिंत होऊन नमाजला गेलो.

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या आधी त्यांचा निरोप आला, “हाजीसाहेब, बारा हजार मीटर पक्के समजा.” वर आमचाच संदेश, 31.50 चा, जोडलेला होता.

आम्ही दाबले होते ते Delete for me. याचा अर्थ फक्त माझ्या फोनमधून काढा. पुढच्याच्या फोनमधल्या अक्षराला त्याने धक्काही लागत नाही आणि आपण काही पुसले हे त्याला कळतही नाही. म्हणजे त्यांच्याकडे आमचा भाव जसाच्या तसा होता आणि आमच्याकडे मात्र आपण काय लिहिले होते याचा पुरावाही उरला नव्हता. त्याच चौकटीत Delete for everyone असेही लिहिलेले असते. संदेश दोन्हीकडून काढायचा तर ते दाबायचे.

कोणते बटण दाबले गेले हे ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. सर्वांसाठी पुसला तर त्या जागी आपल्या फोनवर You deleted this message अशी ओळ राहते, आणि पुढच्याच्या फोनवर This message was deleted अशी. आपल्याकडे जागा साफ रिकामी दिसली, ओळ राहिलीच नाही, तर समजावे की संदेश फक्त आपल्याकडून गेला आहे. आम्ही त्या संध्याकाळी क्षणभर थांबून पडदा पाहिला असता तर हे तेव्हाच कळले असते. शिवाय 2022 च्या डिसेंबरपासून एक सोय झाली आहे. Delete for me दाबल्यावर खाली पाचेक सेकंद Undo असा शब्द दिसतो. तो लगेच दाबला तर संदेश परत येतो, आणि मग तो सर्वांसाठी पुसता येतो. ते पाच सेकंद गेले की आपल्या फोनवर संदेशच नसल्याने सर्वांसाठी पुसायला काही शिल्लक राहत नाही.

मुदतीविषयी बाजारात अजून जुनी माहिती फिरते. 2017 मध्ये ही सोय आली तेव्हा सात मिनिटे मिळत. पुढे ती मुदत तासाहून थोडी जास्त झाली. 2022 च्या ऑगस्टपासून ती दोन दिवसांहून थोडी अधिक आहे. मुदत संपली की चौकटीत Delete for everyone दिसतच नाही. दुसऱ्याने पाठवलेला संदेशही आपल्याला फक्त आपल्यापुरता काढता येतो. ग्रुपच्या अॅडमिनला मात्र कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढता येतो, आणि तो अॅडमिनने काढला हे तिथे दिसते.

आता कोणी म्हणेल, योग्य बटण दाबले असते तर आमचे अठरा हजार वाचले असते का? कदाचित वाचले असते, पण खात्री देता येत नाही. संदेश जाताच पुढच्याच्या फोनवर वरच्या बाजूला सूचना येते आणि पुष्कळ लोक तिथेच वाचून घेतात. अशा वेळी संदेश वाचला गेला तरी निळ्या खुणा होत नाहीत. त्याने आपला संदेश जोडून उत्तर दिले असेल तर मूळ संदेश पुसल्यावरही त्या उत्तरात आपले शब्द राहतात. त्याने तो पुढे दलालाला पाठवला असेल तर ती प्रतही राहते. फोटो त्याच्या गॅलरीत उतरलेला असू शकतो. आणि पुसणे काही कारणाने पुढच्या फोनपर्यंत पोहोचले नाही, तर व्हॉट्सअॅप आपल्याला तसे कळवत नाही.

शिवाय ‘संदेश पुसला’ ही ओळ पाहून गिऱ्हाइकाच्या मनात शंका येते की शेठने काय लिहिले होते आणि का काढले. म्हणून आता आमची रीत अशी आहे. सर्वांसाठी पुसायचे आणि लगेच खाली लिहायचे, ‘वरचा भाव चुकून आला, तुमचा भाव 33, साठ दिवस.’ नुसत्या पुसण्याने सौद्याची बोली मागे घेतली असे कोणी मानील यावर भरवसा ठेवू नये. 1872 च्या करार कायद्यातही बोली मागे घ्यायची तर समोरच्याने होकार देण्याच्या आत घ्यावी लागते, आणि मागे घेतल्याचे त्याला कळावे लागते. आकड्यातली किरकोळ चूक असेल तर पुसण्यापेक्षा दुरुस्त करणे बरे. 2023 पासून पंधरा मिनिटांच्या आत Edit करून आकडा बदलता येतो आणि संदेशाजवळ Edited असे दिसते. मात्र दुरुस्तीची वेगळी सूचना त्याला जात नाही, म्हणून एक फोन करावा.

आमच्या प्रकरणात गिऱ्हाइकाचा काही दोष नव्हता. त्यांनी भाव वाचला, रात्रभर विचार केला आणि होकार दिला. आम्ही चूक सांगितली. ते म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसे, पण मी पुढे माल कबूल केला आहे.” मग बारा हजार मीटर 31.50 नेच दिले, तेही उधारीवर. मीटरमागे दीड रुपया गेला.

याची दुसरी बाजूही ध्यानात असू द्यावी, विशेषतः कारागीर बंधूंनी. शिलाईची किंवा जरीकामाची ऑर्डर देणाराही दोन दिवसांपर्यंत ती सर्वांसाठी पुसू शकतो. काम सुरू झालेले असते, आणि आपल्याकडे एक ओळ उरते ज्यात नग नाही, दर नाही. त्या संदेशाला आपण तारा लावून ठेवला असला तरी तो वाचत नाही. म्हणून ऑर्डर येताच तोच संदेश जोडून उत्तर द्यावे आणि आपल्या शब्दांत पुन्हा लिहावे, ‘दोनशे नग, दर अमुक, तारीख अमुक, कबूल.’ आपले उत्तर त्याला पुसता येत नाही. एक फोटोही काढून ठेवावा. सूरह बकराच्या 282 व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे हे आपण सर्व जाणतो. आम्ही तर संध्याकाळी दुकान बंद करण्यापूर्वी त्या दिवशी व्हॉट्सअॅपवर आलेली प्रत्येक ऑर्डर वहीत उतरवतो, नाव, माल, भाव, मुदत आणि संदेश आल्याची वेळ. दहा मिनिटे लागतात.